ती ‘शोध मला’ म्हणाली होती

*ताई, मी मुलुंडला राहते, वय २७. फोटोवरून माणूस शोधण्यात माझा हात बसलाय, ऑफिसात मला ‘सीआयडी’च म्हणतात. गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ एका ग्रुपबरोबर राजगडला गेला होता. तिथे एका मुलीशी त्याची गट्टी जमली. सगळे तिला ‘चिऊ’ म्हणत होते, खरं नाव त्याला ठाऊक नाही. गड उतरताना तिने त्याला पॉवर बँक दिली, ती त्याच्याकडेच राहिली. नंबर मागितला तर हसून म्हणाली, ‘शोध मला.’ त्याच्याकडे फक्त एक ग्रुप फोटो आहे. तो म्हणतो, तिची परवानगी आहे, तू शोधून दे. चेहरे शोधणाऱ्या एका साइटवर मी फोटो टाकला. तीन चेहरे आले. त्यातल्या एकीचं नाव आणि अंधेरीतलं ऑफिसही मिळालं. ती तीच असावी. भाऊ सरळ मुलगा आहे, तरी नाव सांगायला जीभ रेटत नाही. परवानगी असताना अडतंय कुठे? — क्ष, मुलुंड*

तू ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते. भाऊ सरळ आहे हे मी मान्य करून टाकते. ती मुलगी ‘शोध मला’ म्हणाली हेही खरं धरते. हे दोन्ही खरं असूनही तुझी जीभ रेटत नाही, आणि ती बरोबर जागी अडली आहे.

आधी त्या दोन शब्दांकडे बघू. नंबर सांगायला तिला दहा आकडे लागले असते, नाव सांगायला पाच सेकंद. भाऊ समोर उभा होता, तिची वस्तू त्याच्या हातात होती. तरी तिने दोन्ही सांगितलं नाही. ज्याला नाव कळू द्यायचंय तो नाव सांगतो. म्हणून ‘तिची परवानगी आहे, फक्त नाव तेवढं शोधून दे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी मला खटकतं. खरोखर परवानगी मिळालेल्या माणसाला तुझी गरजच पडत नाही. तो तिलाच विचारतो. तुझ्याकडे यायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा तिला विचारायची वाट तिने उघडी ठेवलेली नसते. आणि परवानगी आहे हे सांगणारा कोण? ज्याला नाव हवंय तोच. फोटोतली व्यक्ती त्या संभाषणात हजर नसते.

तू म्हणशील, ती गमतीत म्हणाली असेल, तिलाही तो आवडला असेल. असेलही. मग तिच्या डोळ्यांसमोर काय असेल? हा ग्रुपमध्ये विचारेल, ट्रेक लीडरच्या मागे लागेल, ‘ती चिऊ कोण होती हो?’ असं कुणाला तरी म्हणेल, आणि ते फिरत फिरत तिच्या कानावर येईल. या सगळ्या वाटा तिच्यावरून जातात. कुठेही तिला ‘नको’ म्हणता येतं. आपला चेहरा कापून कुठल्या तरी परदेशी साइटवर चढेल आणि उत्तरात अंधेरीचा पत्ता येईल, हे तिच्या डोळ्यांसमोर नसणार. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला २०२३चा कायदा आहे. त्यात संमती कशाला म्हणायचं हे नीट सांगितलंय. ती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, कशासाठी आहे हे कळून दिलेली हवी, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. दिली तितक्याच सहज काढूनही घेता यायला हवी. आणि वाद झालाच, तर संमती होती हे सिद्ध करायचं ओझं माहिती वापरणाऱ्यावर असतं. घरगुती, खासगी कामाला हा कायदा लागू होत नाही, तेव्हा तुला त्याची भीती घालत नाही. पण मोजायला पट्टी म्हणून तो चांगला आहे. ‘शोध मला’ त्या पट्टीवर ठेवून बघ. मोकळेपणाने म्हटलं असेल, बाकी एकही खूण जुळत नाही.

आता समजा, ही पट्टीही बाजूला ठेवली. तिने कागदावर लिहून दिलंय, ‘माझा चेहरा वापरून मला शोधा.’ तरी मी तुला नाव सांगू नकोस म्हणेन. ते का, हे मी स्वतःचे हात पोळून शिकले आहे.

मी बरीच वर्षं एका दैनिकात डेस्कवर होते. फोटोओळी लिहिणं हे नव्या माणसाच्या माथी मारायचं काम, तसं ते माझ्या माथी आलं. एकदा एका वस्तीतल्या दारूबंदी मोर्चाचा फोटो आला. पुढच्या रांगेत चार बायका. वार्ताहर चोख होता, त्याने प्रत्येकीला विचारून नावं पाठवली होती, ‘डावीकडून’. पहिली बाई मोर्चाची पुढारी. ती म्हणाली होती, माझं नाव खुशाल छापा, मी कुणाला भीत नाही. रात्री पान लावताना फोटो दोन कॉलमांत बसेना, म्हणून डावीकडून कापला. पुढारीण बाई गेली, तिचं नाव राहिलं. मी फोटोओळ परत मोजली नाही. सकाळी दुसऱ्या बाईच्या चेहऱ्याखाली पुढारणीचं नाव होतं. गुत्तेवाल्याची माणसं पेपर हातात घेऊन वस्तीत फिरली आणि चेहरा ओळखून त्या दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. घरात ती, तिची सासू आणि तान्हं मूल. तिसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींची दुरुस्ती छापली. तिच्या दारावरचे दगडांचे वण त्या चार ओळींनी बुजणार नव्हते.

त्या फोटोत परवानगी होती. अगदी विचारून घेतलेली, खरी परवानगी होती. फक्त ती एकीची होती आणि भोगलं दुसरीने. तुझ्या तीन चेहऱ्यांचंही तेच आहे. चिऊची परवानगी खरी असली, तरी तुझ्या पडद्यावर नाव आलंय ते चिऊचंच आहे का? नसेल, तर त्या अंधेरीच्या बाईने कुणालाच कसलीच परवानगी दिलेली नाही. ती राजगडला गेलेलीही नसेल.

‘ती तीच असावी’ असं तू लिहितेस. ही ‘असावी’ किती मोठी आहे ते बघ. असल्या साइट चेहऱ्याचं मोजमाप आकड्यांत करतात आणि जवळपासचे आकडे असलेले चेहरे तुझ्यापुढे मांडतात. दोन चित्रं किती सारखी आहेत एवढंच त्यातून कळतं. माणूस कोण, हे यंत्राला ठाऊक नसतं. आता एक साधा हिशोब कर. समजा, यंत्र फार हुशार आहे आणि लाख अनोळखी चेहऱ्यांत एकदाच फसतं. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे एकट्या मुंबईत चिऊशी जुळणारे, पण चिऊचे नसलेले सव्वाशेच्या आसपास चेहरे. साइटच्या साठ्यात चेहरे त्याहून कितीतरी जास्त असतात. चिऊने स्वतःचा एकही फोटो कुठे टाकला नसेल, तर ती त्या साठ्यातच नसेल. यंत्र मात्र बहुधा रिकाम्या हाताने परत येत नाही, त्यातल्या त्यात जवळची बाई आणून उभी करतं. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१९मध्ये अशा बऱ्याच यंत्रणांची तपासणी करून अहवाल काढला. पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीत चुकीची जुळणी जास्त होते, असं त्यात दिसलं. आणि ती तपासणी बरीचशी नीट काढलेल्या फोटोंवर होती. तुझा फोटो कसला? गडावरचा, वीस-पंचवीस जणांचा, व्हॉट्सॲपवरून आलेला. त्यात एकेक चेहरा नखाएवढा. डोक्यावर टोपी असेल, डोळ्यांवर गॉगल असेल, तर यंत्राने गाल आणि हनुवटीवरच भागवलं असणार.

त्यात माणसाच्या मनाची एक खोड असते. नाव दिसलं की सगळं जुळायला लागतं. ‘अंधेरी? हां, ती वेस्टर्नला राहते असंच काहीतरी म्हणाली होती.’ नाव बोरिवलीचं निघालं असतं तरी हेच वाक्य सुचलं असतं. डेस्कवर आम्ही याला सोपा उपाय ठेवला होता. नाव वाचायच्या आधी चेहऱ्याची खूण लिहून काढायची, कानाची ठेवण, तीळ, वण, आणि मग नावाशी ताडून बघायचं. पण ही खूण तुझ्या नखाएवढ्या फोटोत दिसणारच नाही. मग खातरजमा कशी करणार? तुझ्यापुढे एकच रस्ता उरतो. नाव भावाला सांगायचं, आणि भावाने पॉवर बँक घेऊन अंधेरीच्या ऑफिसखाली उभं राहायचं.

ते दृश्य मी दोन्ही बाजूंनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. बाई चुकीची निघाली, तर एक अनोळखी पुरुष तिच्या ऑफिसच्या दारात तिला नावाने हाक मारून म्हणतोय, ‘तुम्हीच म्हणालात ना, शोध मला?’ ती घाबरेल. सिक्युरिटी जमेल. त्या दिवसापासून ती घरी जायची वेळ बदलेल, कदाचित लोकलचा डबाही. बाई बरोबर निघाली, तर? तिने फक्त ‘चिऊ’ सांगितलं होतं आणि समोरच्याला तिचं पूर्ण नाव, आडनाव, कंपनी आणि सुटायची वेळ ठाऊक आहे. आडनावावरून आपल्याकडे माणसं जात आणि गावही काढतात, हे तुला सांगायला नको. हे बघून ती हसेल, की पुढच्या ट्रेकला तोंड झाकून येईल? ती कदाचित नवऱ्यापासून किंवा घरच्यांपासून लांब राहत असेल, म्हणूनच टोपणनावाने वावरत असेल. ते भावाला माहीत नाही, तुला नाही, मलाही नाही. म्हणूनच ते आपण ठरवायचं नाही.

चेहऱ्यावरून नाव काढणारं हत्यार लोकांच्या हातात आलं की काय होतं, हे रशियात २०१६मध्ये दिसलंय. तिथे फाइंडफेस नावाचं ॲप आलं होतं, फोटो टाकला की एका मोठ्या सोशल नेटवर्कवरचं त्या माणसाचं खातं दाखवायचं. एका छायाचित्रकाराने सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची खाती शोधून काढली. आपल्या लोकलमध्ये समोरच्या बाकावरचे लोक असतात, तसेच ते. त्याला धोका दाखवून द्यायचा होता. त्यानंतर लवकरच काही टोळभैरवांनी तेच ॲप वापरून अश्लील चित्रफितींत दिसलेल्या बायका शोधल्या आणि त्यांच्या नातलगांना, मित्रमैत्रिणींना निरोप धाडले. हत्यार तेच होतं, फक्त हात बदलले. आज अशी सेवा देणाऱ्या पिमआइजसारख्या साइट ‘स्वतःचाच चेहरा शोधा’ म्हणून सांगतात. पण चढवलेला चेहरा तुझाच आहे का, हे काही दारावर कुणी बघत नाही. तूही त्या दारातून आत गेलीस, मुली. आणि ग्रुप फोटो न कापता चढवला असशील, तर चिऊबरोबर बाकीच्या विसेक जणांना घेऊन गेलीस. त्यांची परवानगी तर भावानेही सांगितलेली नाही.

आता काय करायचं ते सांगते. तो फोटो, निकालाचे स्क्रीनशॉट, ब्राउझरची हिस्टरी पुसून टाक. ते नाव कुठे लिहून ठेवलं असशील तर तेही. नाव डोक्यातून पुसता येत नाही, पण मोबाइलमध्ये राहिलं तर एखाद्या दिवशी हातून निसटतं.

भावाला उत्तर देताना दोन वाक्यं टाळ. ‘नाही सापडली’ म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि तो दुसरा, जास्त स्पष्ट फोटो घेऊन येईल नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जाईल. ‘सापडली, पण सांगणार नाही’ हे त्याहून वाईट. तेवढ्याने त्याला कळतं की ती सापडण्याजोगी आहे, आणि मग तो तुझ्या खनपटीला बसेल. तुझं उत्तर सापडली असो वा नसो, एकच असायला हवं: ‘मी फोटोवरून कुणाचं नाव काढून देत नाही, तुलाही नाही.’ हा नियम शोधायच्या आधी ठरवायचा असतो. निकाल बघून ठरवायला बसलं की माणूस आपलं-परकं करतो. ऑफिसातल्या तुझ्या ‘सीआयडी’ नावाचं काय करायचं ते तूच बघ. मला विचारशील तर मला ते नाव आवडलेलं नाही.

मग पॉवर बँक? ट्रेक नेणाऱ्याकडे यादी असते. नाव, मोबाइल, रक्तगट, घरच्या कुणाचा तरी नंबर हे सगळं नोंदणीच्या वेळी घेतात. भावाने त्याला फोन करावा, पण नंबर मागू नये. चांगला आयोजक तो देणारही नाही. भावाने स्वतःचा नंबर द्यावा आणि एवढाच निरोप पुढे पाठवायला सांगावा: ‘राजगड उतरताना घेतलेली तुमची पॉवर बँक माझ्याकडे आहे. ती लीडरकडे आणून देतो. बोलावंसं वाटलं तर हा माझा नंबर. नाही वाटलं तरी काही हरकत नाही.’ निरोप एकदाच जावा. इथे परवानगीचा प्रश्नच उरत नाही, कारण नाव उघडं झालं ते भावाचं, आणि त्याने ते स्वतः केलं. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर. त्यानंतर दुसरा, तिसरा निरोप पाठवत राहिला, तर गोष्ट वेगळी होते. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधायला बघणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंतची कैद. सरळ मुलालाही हे माहीत असलेलं बरं.

हे पत्र छापायचं ठरल्यावर अशाच आणखी काही पत्रांची आठवण झाली. लग्नसराईत एक हमखास येतं: कुणाच्या तरी हॉलमध्ये एका मावशींनी मोत्याच्या नथीतल्या मुलीचा फोटो काढलेला असतो, तो भाच्यासाठी फिरतो, ‘ही कुणाची? घरच्यांची हरकत नाही.’ घरच्यांची म्हणजे कुणाच्या घरच्यांची, हे कुणी विचारत नाही. तिथेही उलटं करा. यजमानांना भाच्याची माहिती द्या, तो मुलीकडे जाऊ दे. स्थळ असं पाठवायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, नवीन काही शिकायचं नाही.

दुसरं, समोरचा खोट्या फोटोआड लपलाय अशी शंका आली तर? तोच फोटो, जसाच्या तसा, आणखी कुठे दिसतो का हे साध्या चित्रशोधात बघायला हरकत नाही. तिथे तुम्ही फोटो शोधता, माणूस शोधत नाही. फोटो कुठल्या तरी मॉडेलच्या पानावर सापडला की तुमचं काम झालं. त्या मॉडेलचं घर कुठे आहे हे शोधायची गरज नाही. आणि स्टेशनवर वाट चुकलेले आजोबा दिसले, तर त्यांचा फोटो ‘यांना कोण ओळखतं’ म्हणून ग्रुपवर सोडू नका. रेल्वे पोलिसांकडे न्या किंवा ११२ला फोन करा, लहान मूल असेल तर १०९८. आजोबा ज्यांच्यापासून निघून आले, तेच पहिले धावत येतील, असंही होऊ शकतं.

भावाला सांग, पॉवर बँक लीडरकडे देताना पूर्ण चार्ज करून दे.